‘उत्कृष्ट’ लिहू नका, किती वाजता पोचलात ते लिहा

‘नेमून दिलेली सर्व कामे चोखपणे व वेळेत पार पाडली.’

पहिल्या नोकरीला वर्ष होत आलं आणि स्वतःच्या कामाबद्दल लिहायचा रकाना समोर आला, की बरीच पोरं हे एक वाक्य लिहून मोकळी होतात. जरा धीट असेल तो लिहितो, ‘माझ्या अथक परिश्रमामुळे कार्यालयाच्या कामात लक्षणीय सुधारणा झाली.’ पहिल्याला वाटतं आपण नम्र राहिलो. दुसऱ्याला वाटतं आपण स्वतःला नीट मांडलं. माझं मत विचाराल तर दोघांनी एकच गोष्ट केली, रकाना रिकामा सोडला. दोन्ही वाक्यं कुठल्याही ऑफिसातल्या कुठल्याही माणसाच्या नावाखाली खपतील.

ब्रह्मपुरीच्या अभ्यासिकांमध्ये वनरक्षक, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करणारे तुम्ही लोक लेखी परीक्षेचा, धावण्याचा, कागदपत्रं पडताळणीचा सगळा हिशेब ठेवता. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी स्वतःबद्दल काय लिहायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. सरकारी नोकरीत याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. पूर्वी त्याचं नाव गोपनीय अहवाल होतं, आणि ऑफिसात अजूनही ‘सीआर’च म्हणतात. त्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नमुना पदाप्रमाणे बदलतो. पुण्याच्या कंपनीत गेलात तर हेच काम ‘सेल्फ अप्रेझल’ म्हणून कॉम्प्युटरवर येईल. नावं वेगळी, पण वाचणाऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच असते.

ती अडचण आधी समजून घ्या. बीटवरच्या वनरक्षकाचं काम त्याचा वनपाल रोज बघतो. वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे आरएफओ अधूनमधून बघतात. त्यांच्या वरचे साहेब तुमच्या बीटवर वर्षातून एखाद्या वेळी येतील, कदाचित येणारही नाहीत. म्हणजे तुमच्याबद्दल शेवटचा शेरा देणाऱ्याने तुम्हाला काम करताना पाहिलेलंच नसतं. त्याच्यापुढे कागद असतो, आणि त्याच कागदावर इतर पन्नास जणांनीही ‘चोखपणे’ लिहिलेलं असतं.

या कागदातला एक शब्द किती महागात पडू शकतो, याचा एक खटलाच आहे. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या बॉर्डर रोड्स सेवेत देव दत्त नावाचे कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी मागच्या पाच वर्षांचे शेरे ‘खूप चांगला’ असायला हवे होते. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात नुसतं ‘चांगला’ लिहिलं होतं. वाईट काहीच नाही, फक्त ‘खूप’ नव्हतं. तो शेरा त्यांना कळवलाही गेला नव्हता आणि बढती मात्र हुकली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला, की शेरा चांगला असो की वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येईल. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हेच पुन्हा पक्कं केलं. या निकालाकडे आपण शेवटी परत येऊ.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं, ते एका कामावर बघू. वाघाचं उदाहरण घेता आलं असतं, ब्रह्मपुरी वन विभाग म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं. पण मी वणवा घेतो, कारण त्यात आकडे भरपूर असतात आणि आकड्यांनी माणूस स्वतःला कसा फसवतो तेही दिसतं. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, काम मात्र खरं आहे.

समजा एक मुलगा मागच्या जुलैत वनरक्षक म्हणून रुजू झाला. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी जाळरेषा घ्याव्या लागतात, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत आणि पाला कापून, जमवून, लक्ष ठेवून जाळून टाकायचा, की पुढे आग आली तरी त्या पट्ट्यापाशी तिला खायला काही उरू नये. हंगामात डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे अलर्ट मोबाईलवर येतात. अलर्ट आला की ब्लोअर घेऊन हंगामी मजुरांसोबत जागेवर जायचं आणि आगीपुढचा पाला उडवून तिची वाट तोडायची. आपल्याकडे आगी लागतात त्या मुख्यतः माणसांमुळे. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पानं यावीत म्हणून पेटवतात, आणि मग ती आग हाताबाहेर जाते.

मार्चअखेर या मुलाने पहिल्यांदा लिहिलं, ‘वणवा नियंत्रणाचे काम उत्कृष्टपणे केले.’ कोणीतरी सांगितलं, अरे आकडा टाक. मग त्याने रजिस्टर काढलं, मागच्या वर्षी ८ आगी, यंदा ५. लगेच लिहिलं, ‘माझ्या प्रयत्नांमुळे बीटमधील वणवे सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाले.’

टक्का आला, गणितही बरोबर आहे, पण माझ्या मते हे वाक्य पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. काहून, ते बघा.

पहिली गोष्ट तारखेची. अहवालाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि हंगाम जूनपर्यंत चालतो. या मुलाच्या वाट्याला यंदाच्या हंगामातले १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च एवढे पंचेचाळीसच दिवस आले. मोहफुलाचा जोर तर एप्रिलमध्येही असतो आणि तेंदूची धामधूम त्यानंतरची. मागच्या वर्षीचा ८ हा आकडा त्याच पंचेचाळीस दिवसांचा आहे की अख्ख्या हंगामाचा? अख्ख्या हंगामाचा असेल तर सगळी तुलनाच कोसळते. आरएफओ साहेबांना हे एका नजरेत दिसतं, कारण हे रजिस्टर त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं असतं. आपण धरून चालू की आकडा त्याच दिवसांचा आहे. तरी ते वाक्यात लिहावं लागेल.

दुसरी गोष्ट कारणाची. मार्चमध्ये दोनदा अवकाळी पाऊस येऊन गेला असेल, तर पाला ओला होता. मग आगी कमी लागल्या त्या पोरामुळे की पावसामुळे? ‘माझ्या प्रयत्नांमुळे’ हा शब्द इथे अंगावर येतो. फुशारकी नेमकी कुठे शिरते हे यातून कळतं. ‘मी’ या शब्दाला उगाच घाबरतो आपण. ‘मी अमुक जागी गेलो’ यात काही बढाई नाही. बढाई असते ती ‘माझ्यामुळे’ या शब्दात, कारण तो तुम्ही तपासू न शकणाऱ्या गोष्टीचं श्रेय स्वतःकडे ओढतो. वाघाच्या बाबतीतही तेच. ‘माझ्या बीटमध्ये एकही माणूस दगावला नाही’ ही फार मोठी आणि समाधानाची गोष्ट आहे, पण ते तुमच्या गस्तीमुळे झालं की वर्षभर वाघ दुसरीकडेच फिरत होता, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर ते यश म्हणून लिहू नये. गस्त किती घातली, गावात किती वेळा सांगायला गेलात, ते लिहा.

तिसरी गोष्ट आकडा कशाचा आहे याची. अलर्ट म्हणजे आग नव्हे. उपग्रह जे बघतो त्यातला सगळ्यात बारीक ठिपका सुद्धा साधारण ३७५ मीटर बाजूच्या चौकोनाचा असतो. एका आगीचे दोन अलर्ट येऊ शकतात. जंगलाला लागून धानाची शेती असली आणि कोणी बांध जाळला, तरी अलर्ट येतो. उलट दाट झाडीखाली सरपटणारी छोटी आग त्याला दिसतच नाही. शिवाय उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, त्यामुळे आग लागल्यापासून अलर्ट येईपर्यंत काही तास गेलेले असू शकतात. ‘आग लागताच तात्काळ पोचलो’ असं म्हणायचा अधिकार म्हणूनच कोणालाच नाही. ‘अलर्ट आल्यापासून इतक्या वेळात पोचलो’ एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

मग याच्या हातात खरोखर काय होतं? जाळरेषा वेळेत घेणं, अलर्ट आल्यावर पोचणं, जागेवर जाऊन खरं-खोटं ठरवणं, जळालेलं क्षेत्र मोजणं, आणि मोह वेचणाऱ्यांशी बोलणं. या पाचही गोष्टींची नोंद कुठे ना कुठे आधीच आहे. अलर्टची वेळ मोबाईलमध्ये आहे. पोचल्याची वेळ जीपीएस फोटोवर आहे. जाळरेषेची मापं आणि मजुरांची हजेरी ऑफिसात आहे. बाकीचं त्याच्या रोजच्या दैनंदिनीत. त्याने नवीन पुरावा तयार करायचाच नाही, असलेला शोधायचा आहे. शेवटी त्याने लिहिलं ते असं:

‘१५ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात माझ्या बीटबाबत आगीचे ७ अलर्ट आले. सातही ठिकाणी जाऊन पडताळणी केली. त्यांपैकी २ अलर्ट एकाच आगीचे व १ वनाबाहेरील शेताचा होता. वनातील आगी ५. पैकी ४ आगींच्या ठिकाणी अलर्टपासून दीड तासाच्या आत पोचलो. पाचव्या ठिकाणी नाल्यापलीकडे रात्री पोचण्यास ४ तास लागले. एकूण जळालेले क्षेत्र ६.५ हेक्टर, त्यातील ४ हेक्टर या पाचव्या आगीत. मागील वर्षी याच काळात रजिस्टरनुसार ८ आगी होत्या. यंदा मार्चमध्ये अवकाळी पाऊसही झाला. हंगामापूर्वी ५ किलोमीटर जाळरेषा १० फेब्रुवारीपर्यंत ३ हंगामी मजुरांनी घेतली. आखणी व देखरेख मी केली. नाल्यापलीकडील गावातील एक मजूर तिकडेच तैनात करण्याचा प्रस्ताव वनपाल यांना दिला आहे. नोंदी: वणवा रजिस्टर, दैनंदिनी, जीपीएस फोटो.’

पुन्हा वाचून बघा. एकही विशेषण नाही. मागच्या वर्षीचा आकडा आहे, पण त्याच्या शेजारी पाऊसही बसवला आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहत नाही. तरी हा पोरगा कामाचा आहे हे कळतं की नाही? सातही जागी स्वतः गेला, हे एकच वाक्य ‘अथक परिश्रम’पेक्षा जास्त बोलतं. झाडीपट्टीच्या नाटकाच्या पत्रकावर प्रत्येक नावाआधी ‘सुप्रसिद्ध’ छापायला माझी काही हरकत नाही, तिथे तिकीट विकायचं असतं. इथे वाचणारा तिकीट काढून आलेला नाही, तो नाइलाजाने वाचतोय.

जाळरेषेच्या वाक्यावर जरा थांबू. सरकारी मराठीने आपल्याला एक वाईट सवय लावली आहे, ‘करण्यात आले’. ‘जाळरेषा घेण्यात आल्या.’ कोणी घेतल्या? हे वाक्य दोन्ही बाजूंनी खोटं पडू शकतं. लाजरा माणूस त्यामागे स्वतः केलेलं काम लपवतो, आणि चलाख माणूस त्यात दुसऱ्याने केलेलं काम गुपचूप आपल्या खात्यात घालतो. खरं तर आपल्या भाषेत यासाठी छान सोय आहे. ‘मी केलं’, ‘मी करून घेतलं’, ‘मी मदत केली’, ही तीन वेगळी कामं आहेत आणि आपण घरी बोलताना ती कधीच एकात एक करत नाही. आई म्हणते, ‘पोरांकडून अंगण झाडून घेतलं’. ती ‘अंगण झाडण्यात आलं’ म्हणत नाही. फॉर्म भरताना हाच साधा फरक पाळा. मजुरांनी घाम गाळला असेल तर ‘३ मजुरांनी’ लिहा. त्याने तुमचं श्रेय कमी होत नाही, उलट ‘आखणी व देखरेख मी केली’ हे वाक्य त्यामुळेच विश्वासाचं वाटतं. टीमच्या कामात सगळीकडे ‘आम्ही, आम्ही’ लिहिणाऱ्यांनाही हेच लागू. ‘आम्ही’ लिहा, पण पुढच्याच वाक्यात त्यातला तुमचा तुकडा कोणता ते सांगा. नाहीतर साहेबाला तो ओळखता येत नाही, आणि ओळखता न येणाऱ्या कामाचा शेरा ‘चांगला’ एवढाच येतो.

आता चार तासांचं ते वाक्य. ‘जी, आपली चूक आपणच कशाला लिहायची?’ असं कोणीही विचारेल, आणि ऑफिसातले जुनेजाणते पण ‘नको लिहू’ असाच सल्ला देतील. मला तो पटत नाही. ती आग रजिस्टरमध्ये आहेच, जळालेले ४ हेक्टर आहेत, वेळ आहे. तुम्ही गाळलं तर साहेब ते स्वतः शोधतात, आणि मग बाकीच्या सगळ्या ओळींकडे संशयाने बघतात. तुम्ही लिहिलं तर कारण आणि पुढचा उपाय तुमच्या शब्दांत जातो. पण याला मर्यादा आहे. पहिल्या वर्षी घाबरून काही जण कबुलीजबाबच लिहून देतात: ‘मला अजून बरंच शिकायचं आहे, माझ्याकडून अनेक त्रुटी राहिल्या.’ हे मात्र लिहू नका. ही नम्रता दिसायला गोड असते, पण ती कागदावर कायमची राहते, आणि कोणत्या त्रुटी हे कोणालाच कळत नाही. उणीव लिहायची तर एकच, नेमकी, नोंद असलेली, आणि तिच्यापुढे काय केलं ते. जे तुमच्या हातात नव्हतं, जसं ब्लोअर दोन आठवडे बंद पडून होता, ते उणीव म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊ नका आणि तक्रारीच्या सुरातही लिहू नका. तारखेसह एक ओळ पुरते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ब्लोअर दुरुस्तीला होता, त्या काळात झाडाच्या फांद्यांनी आग विझवली.

पुराव्याच्या उत्साहात एक गोष्ट जपायची. पाला पेटवणाऱ्या बाईचं नाव, गावकऱ्यांचे चेहरे दिसणारे फोटो, वाघिणीचं ठिकाण, असलं काही अहवालात घालू नये. नोंद कुठे आहे ते सांगा, नोंद तिथेच राहू द्या. बँकेत असाल तर ग्राहकाचा खाते क्रमांक, कंपनीत असाल तर क्लायंटची माहिती, तोच नियम.

कंपनीचा विषय निघालाच आहे तर थोडंसं. ब्रह्मपुरीहून हिंजवडीला गेलेली एखादी मुलगी सपोर्टच्या कामात असेल, तर तिचे अलर्ट म्हणजे तिकिटं. ‘मी ४०० तिकिटं सोडवली’ हा आकडा ८ आगींसारखाच आहे. सोपी किती, अवघड किती, पुन्हा उघडली गेली किती, हे नसेल तर त्याला अर्थ नाही. पासवर्ड बदलून देण्याची तीनशे तिकिटं असू शकतात. त्यापेक्षा, एकच अडचण दर सोमवारी येत होती, तिचं मूळ शोधून तिने दोन पानांची टीप लिहिली आणि नंतर टीमने ती वापरली, हे तारखेसह लिहिलं तर मॅनेजर थांबून वाचेल. तिच्याकडे दैनंदिनी नसते, हाच काय तो फरक. म्हणून तिने शुक्रवारी पाच मिनिटं काढून आठवड्याच्या दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मार्चमध्ये बसून मागच्या ऑगस्टचं आठवत नाही कोणाला.

आणि रकाना लहान असतो, हेही खरं. वरचा परिच्छेद शंभर शब्दांच्या आसपास आहे, कधी तेवढीही जागा नसते. मग विशेषणं तर आधीच गेलेली आहेत, पुढे काय काढायचं? मी मागच्या वर्षीची तुलना काढीन. ती सगळ्यात आकर्षक दिसते, पण तुमच्या हातात सगळ्यात कमी असते. सात अलर्ट, सात पडताळण्या, चार ठिकाणी दीड तास, एका ठिकाणी चार तास, आणि नोंदी कुठे आहेत ते, एवढं राहिलं तरी काम झालं.

एवढं करूनही साहेब सगळ्यांना सारखाच शेरा देऊन टाकू शकतात. असे साहेब असतात, ते तुमच्या लिखाणाने बदलणार नाहीत. इथे देव दत्त यांचा निकाल कामाला येतो. शेरा तुम्हाला कळवला जातो, तो न वाचता सही करू नका. कमी वाटला तर ठरलेल्या मुदतीत लेखी म्हणणं मांडता येतं. त्या अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिणाऱ्याच्या हातात काही नसतं. या पोराच्या हातात मात्र त्याच अहवालातला, त्याच्याच सहीचा परिच्छेद असतो, आणि वणवा रजिस्टर तर वरच्या साहेबांनाही मागवता येतं.